बाल्कनी सजावटीचं ‘दिवाळी पॅकेज’ घेताय? आधी अडॅप्टर बघा

आमचे 6,450 रुपये गेले. आकाशकंदील 1,100, झेंडू-शेवंतीच्या सहा कुंड्या 1,500, दोन ‘वॉटरप्रूफ’ माळा 2,400 आणि लावून देण्याचे 1,450. आमची ठाण्यातली बाल्कनी जेमतेम तीन फूट रुंद, त्यात कपडे वाळत घालायची दोरी. शिडी लावून ग्रिलवर कोण चढणार, म्हणून पॅकेज घेतलं. सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली होती, शेजाऱ्यांनीही घेतलं होतं. कोणीही घेतलं असतं.

माळेच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘आयपी 65’ छापलं होतं. म्हणजे धूळ आत जाणार नाही, पाण्याचा फवारा आला तरी चालेल. बल्ब खरंच सीलबंद होते. पण लावायला आलेला माणूस अडॅप्टर काळ्या टेपने ग्रिलला गुंडाळत होता, तेव्हा त्यावर बारीक अक्षरांत ‘आयपी 20’ मला दिसलं. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, “काका, माळ वॉटरप्रूफ आहे ना, मग झालं.” तिथेच त्याला खाली उतरवायला हवं होतं. 20 मधला शून्य म्हणजे पाण्यापासून अजिबात संरक्षण नाही. पण हे ऐन सणात, हातात फराळाचं ताट असताना कोणाला सुचतं?

वसुबारसेला संध्याकाळी पाऊस आला. मुलाचा हात ग्रिलला लागला आणि झिणझिण्या आल्या. पाठोपाठ वीजगळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी पडला, म्हणून निभावलं. ज्यांच्या घरी तो नाही, त्यांनी आधी तो बसवून घ्या, कंदील नंतर.

कुंड्यांचं तर हसावं की रडावं कळेना. तिसऱ्या दिवशी झेंडू माना टाकायला लागला. एक रोप उपटलं तर खाली मुळंच नाहीत, तिरका कापलेला देठ कोकोपीटमध्ये खोचलेला! घेताना रोप बुंध्याशी धरून हलकं ओढून बघा, खोचलेलं असेल तर सहज हातात येतं.

चौकीत गेलो. “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा.” मुलाला शॉक बसला म्हटलं, तर “लाइटवाल्याला दाखवा.” मग त्यांनी बिल मागितलं. बिल कुठलं, क्यूआर कोडवर पैसे घेतलेले, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर! बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच केलात. अर्ज करायलासुद्धा दोनदा परत पाठवलं, एकदा ‘साहेब नाहीत’, एकदा ‘झेरॉक्स आणा’. मग हे सगळे बसलेत कशाला? बिल नसेल तर एक रुपयाही देऊ नका. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची म्हटलं तरी विक्रेत्याचं नाव-पत्ता लागतो.

अडॅप्टर घराच्या आतल्या सॉकेटलाच लावा, वायर तेवढी बाहेर जाऊ द्या.

पॅकेजवाल्याने माझा नंबर ब्लॉक केलाय. शेजाऱ्यांना मात्र त्याचं स्टेटस दिसतं: तुळशीच्या लग्नाचं पॅकेज, 3,200 रुपये. फोटो आमच्याच बाल्कनीचा.