आंब्याची वेबसाइट: काम कुठवर आलंय आणि तुमच्याकडून काय ठरायचंय

नमस्कार काका,

पहिलं पान, बागेची माहिती आणि पेट्यांची पानं तयार आहेत. चाचणीची लिंक मोबाइलवरच उघडून बघा, गिऱ्हाईकही तिथूनच येणार. काम अडलंय ते पैसे घेण्यापाशी.

तुमचं म्हणणं, क्यूआर कोड लावू, लोक जीपे करतील. यात कमिशन जात नाही, पूर्ण रक्कम लगेच खात्यात येते. पण पैसे आले की नाही, हे वेबसाइटला कळत नाही. आपण दुकानासाठी वापरतोय त्या वूकॉमर्स सॉफ्टवेअरमध्ये अशी ऑर्डर 'होल्ड'वर पडते आणि पेटी साठ्यातून वजा होते. गिऱ्हाइकाने पैसे पाठवलेच नाहीत, तरी कोणी हाताने ऑर्डर रद्द करेपर्यंत ती पेटी अडकून राहते. शिवाय स्क्रीनशॉट खोटाही असू शकतो, म्हणजे प्रत्येक रक्कम बँकेच्या नोंदीशी ताडून बघणं आलं. दिवसाला चार-पाच ऑर्डर असतील तर जमेल. एप्रिलमध्ये, बागेत तोडणी चालू असताना, हे कोण करणार?

पेमेंट गेटवे म्हणजे वेबसाइटवरच गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणारी सेवा. त्यात हे आपोआप होतं. पैसे आले की ऑर्डर पक्की. अर्ध्यात सोडली तर ठरवलेल्या वेळेनंतर रद्द होऊन पेटी परत विक्रीला येते. कार्डही चालतं, त्यामुळे कंपन्यांच्या भेटीच्या ऑर्डरी घेता येतील. खर्च मात्र आहे. शुल्क २ टक्के धरलं तर ५,००० रुपयांच्या पेटीमागे १०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८ रुपये. खात्यात पैसे यायलाही साधारण दोन-तीन कामाचे दिवस लागतात. तोडणीची मजुरी रोखीने द्यायची असते, तेव्हा हे आधीच धरून चाला.

माझं मत गेटवेच्या बाजूने आहे. मंजुरी येईपर्यंत क्यूआर चालू ठेवू. घरपोच रोखीचा पर्याय मात्र नकोच. नाकारलेली पेटी परत येईपर्यंत आंबा उतरून जाईल.

गेटवेसाठी पॅन, बँक खातं आणि पत्त्याचा पुरावा लागेल. गेटवेची कंपनी आपल्या वेबसाइटवर परताव्याचे नियमही बघते, म्हणून ते आधी ठरायला हवेत: खराब निघालेल्या आंब्यांचे पैसे द्यायचे की बदली आंबे? बदली पाठवायची तर पुन्हा कुरिअरचा खर्च आणि हंगाम संपत आला की मालच नसतो. मी म्हणेन, पेटी मिळाल्यापासून २४ तासांत फोटो आला तर तेवढ्या नगांचे पैसे परत.

डोमेन तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर घेऊया, माझ्या नको. कुरिअरचा दर तुमच्या नेहमीच्या माणसाकडून पेटीच्या वजनावर विचारून घ्या.

परताव्याचं आणि गेटवेचं उत्तर शुक्रवारपर्यंत कळवा. बाकीचं पुढच्या आठवड्यात चालेल.