'धन्यवाद' च्या पुढच्या स्लाइड्स मी वाचल्या नाहीत, २० लाख अडकले

सध्या कोणी तुम्हाला फ्रँचायझीचं प्रेझेंटेशन दाखवत असेल तर चेक देण्याआधी हे वाचा. मोठं आहे, पण आकडे सगळे लिहितोय, कारण आकड्यांशिवाय यातली मेख कळत नाही.

मागच्या वर्षी मी आणि दादानी मिळून एका लाँड्री-ड्रायक्लीनवाल्या चेनची फ्रँचायझी घेतली, इथेच इंदूरला, अन्नपूर्णा रोडला दुकान. २० लाख लागले, त्यातले १२ दादाच्या रिटायरमेंटचे. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, वकिलांनी नको म्हटलंय.

विजय नगरच्या एका हॉटेलात त्यांनी आम्हाला बोलावलं होतं, पंधरा-वीस लोक होते, प्रोजेक्टरवर २२ स्लाइड दाखवल्या, शेवटी 'धन्यवाद' आलं, चहा झाला, आणि रात्री पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली. ती पीडीएफ ४७ पानांची होती. मी ती २२ पर्यंत दोनदा वाचली, 'धन्यवाद' आलं की बंद केली. पुढे काहीतरी टेबलं आहेत, बारीक अक्षरात, एवढं दिसलं होतं, वाटलं कंपनीची कागदपत्रं असतील. आमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं 'धन्यवाद' नंतरच्या त्या २५ पानांत, म्हणजे अपेंडिक्समधे होती, आणि ती पहिल्या २२ स्लाइड्सशी जुळत नव्हती.

मुख्य प्रेझेंटेशनमधली ९ नंबरची स्लाइड आम्हाला घेऊन गेली. त्यावर मोठ्या अक्षरात चार ओळी होत्या: सरासरी स्टोअरची महिन्याची विक्री ४.८ लाख, मार्जिन ३० टक्के, एकूण गुंतवणूक २० लाख, पैसे परत १४ महिन्यांत. खाली लहान अक्षरात 'स्रोत: अपेंडिक्स ३'. आता मी काही डोळे मिटून पैसे दिले नाहीत हो, मी हिशोब केला होता. ४.८ लाखाचे ३० टक्के म्हणजे १.४४ लाख, २० लाखाला त्याने भागलं की १३.९, म्हणजे १४ महिने. बरोबर येतंय म्हटल्यावर दादाला फोन केला की हिशोब जुळतोय. पण मी फक्त त्यांचाच एक आकडा त्यांच्याच दुसऱ्या आकड्याने भागून बघितला होता, मुळात ४.८ आणि ३० हे आले कुठून ते बघितलंच नव्हतं.

मार्चच्या शेवटी दुकान सुरू झालं. सात महिने दोघं भाऊ आलटून-पालटून सकाळी नऊ ते रात्री नऊ बसलो. विक्री ३.४ लाखापर्यंत पोचली, एरियातले लोक कामावर खूषही होते, पण सगळं देऊन महिन्याला पंधरा-अठरा हजार उरायचे, ते पण दोघांत. कंपनीवाल्यांना विचारलं की म्हणायचे तुमचं मार्केटिंग कमी पडतंय. आणि आम्ही ते खरं मानत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं, दादा तर रात्री झोपायचा नाही, आपणच कुठे चुकतोय म्हणून.

भाऊबीजेला ताई आली, बरोबर भाची, ती सीएची आर्टिकलशिप करतेय. दुकानाचं बोलणं निघालं तर ती म्हणाली, "मामा, ती पीडीएफ दाखव ना, सगळी." जेवणं झाल्यावर तिने एक कागद घेतला, मधे उभी रेघ मारली, डावीकडे मुख्य स्लाइडवरचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि उजवीकडे तो आकडा अपेंडिक्समधे कुठल्या पानावर सापडतो ते. सापडला की प्रत्येकाला तेच प्रश्न: हे किती दुकानांचं आहे, कोणती दुकानं, कुठल्या महिन्यांचं, आणि काय वजा करून. एवढंच केलं तिने, दीड तास लागला.

सगळ्यात आधी तिने 'स्रोत: अपेंडिक्स ३' बघितलं. अपेंडिक्स ३ म्हणजे ग्राहकांच्या समाधानाचा सर्व्हे निघाला, त्यात विक्रीचा आकडा एक पण नाही. खालचं ते 'स्रोत' बघूनच मला भरवसा वाटला होता, पण त्या पानावर जाऊन कोण बघतं.

मार्जिन सापडलं पान ३६ वर. तिथे एका स्टोअरचा महिन्याचा हिशोब दिलेला, विक्रीतून साबण-केमिकल, पगार, वीज, पॅकिंग वजा केलेलं, खाली ३० टक्के. आणि त्याला नाव काय होतं तर 'स्टोअर लेव्हल मार्जिन, भाडं व रॉयल्टीपूर्वी'. मुख्य स्लाइडवर येताना शेवटचे शब्द गळाले आणि नुसतं 'मार्जिन' राहिलं. आमचं भाडं ५५ हजार, कंपनीला द्यायची रॉयल्टी विक्रीच्या ७ टक्के. म्हणजे त्यांचा ४.८ लाखाचा आकडा अगदी खरा धरला तरी १.४४ लाखातून ५५ हजार गेले, रॉयल्टीचे ३३,६०० गेले, उरले ५५,४००. २० लाखाला याने भागा, ३६ महिने येतात. १४ चे ३६ झाले, अजून विक्रीच्या आकड्याला हात पण लावला नव्हता.

भाचीने मग विक्रीचं टेबल शोधलं, पान ३१. त्यात दहा स्टोअर, नावं नाहीत, फक्त शहरं आणि महिन्याची विक्री लाखात: ९.६, ८.४, ५.२, ४.६, ४.१, ३.८, ३.५, ३.२, २.९, २.७. बेरीज करा, ४८ येते, दहाने भागा, ४.८. तर आकडा खोटा नव्हता. पण दहापैकी फक्त तीन दुकानं ४.८ च्या वर आहेत, सात खाली. तिने मोबाइलवरच शीट उघडली, दहा आकडे टाकले आणि मधला आकडा काढून दाखवला,

```
=AVERAGE(B2:B11)
=MEDIAN(B2:B11)
```

पहिलं ४.८, दुसरं ३.९५. वरच्या दोन दुकानांपुढे एक छोटी चांदणी होती, पानाच्या तळाशी तिचा अर्थ: कंपनीची स्वतःची दुकानं, हॉटेलच्या चादरी-टॉवेलच्या कामासह. म्हणजे ते फ्रँचायझीवाले नव्हतेच, आणि तसं हॉटेलचं काम आमच्या ॲग्रीमेंटमधे आम्हाला घेता येत नव्हतं, ते कंपनीने स्वतःकडे ठेवलंय. ती दोन काढली की उरलेल्या आठांची बेरीज ३० लाख, सरासरी ३.७५. आता त्यावर ३० टक्के धरा, १,१२,५००, त्यातून भाडं ५५ हजार आणि रॉयल्टी २६,२५० काढा, हातात ३१,२५०. २० लाख परत यायला ६४ महिने, म्हणजे पाच वर्षांच्या पण वर. आणि हे सुद्धा हात सैल सोडून, कारण विक्री कमी झाली म्हणून इस्त्रीवाल्या दोन मुलांचा पगार कमी होत नाही. शिवाय आमच्याकडे उन्हाळ्यात नर्मदेचं पाणी पुरत नाही, टँकर मागवावा लागतो, बोअरचं पाणी जड म्हणून सॉफ्टनर बसवला, यातलं काहीच त्या पान ३६ च्या हिशोबात नाही.

हे ऐकून दादा उठून बाल्कनीत गेला. कारण ३.४ लाख म्हणजे आम्ही त्यांच्या इतर फ्रँचायझींच्या आसपासच होतो. आमचं काही चुकत नव्हतं, सात महिने उगाच स्वतःला दोष देत बसलो.

तिसरी गोष्ट १२ नंबरच्या स्लाइडची. '४० पेक्षा जास्त स्टोअर, १० पैकी ९ नफ्यात.' वाचणारा काय समजेल, चाळीसच्या चाळीसांत नव्वद टक्के नफ्यात. पान ४१ वर विस्ताराचा तक्ता होता: करार झालेले पण न उघडलेले १९, आजवर उघडलेले २९, सध्या चालू २३. चालू २३ आणि न उघडलेले १९ मिळून ४२, ते झाले '४० पेक्षा जास्त'. उघडलेले २९ आणि चालू २३, तर सहा दुकानं बंद पडली, हे कुठेच शब्दांत लिहिलेलं नाही, वजाबाकी केली तरच कळतं. आणि '१० पैकी ९' हे पान ३१ वरच्याच दहा दुकानांचं, ज्यावर टीप होती, 'बारा महिने पूर्ण केलेली चालू स्टोअर'. बंद पडलेली त्या यादीत येऊच शकत नाहीत. ती सहा धरली तर १६ पैकी ९ होतात, आणि राहिलेली १३ वर्षाच्या आतली, त्यांच्याबद्दल कोणालाच काही सांगता येत नाही. नफा म्हणजे इथे पण भाड्याआधीचाच, भाचीने तेही दाखवलं.

डिसेंबरमधे वकिलांकडे गेलो, रामबागेत आमच्या ओळखीचे काका आहेत. मला वाटत होतं सरळ केस आहे. त्यांनी सांगितलं ते नीट ऐका. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. अमेरिकेत सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी ठरलेल्या नमुन्यातलं माहितीपत्रक द्यावंच लागतं, आपल्याकडे तसं बंधन नाही, सगळं येऊन थांबतं १८७२ च्या करार कायद्यावर. त्यात कलम १९ म्हणतं की दिशाभूल करून संमती घेतली असेल तर करार रद्द करता येतो, पण त्यालाच एक अपवाद जोडलाय, की साधी काळजी घेतली असती तर खरं काय ते कळलं असतं अशी सोय तुमच्याकडे होती, तर चुकीच्या माहितीचा किंवा गप्प राहून केलेल्या फसवणुकीचा मुद्दा घेऊन करार रद्द करता येत नाही. काका म्हणाले, "बाळा, ते कोर्टात पान ३१, ३६ आणि ४१ दाखवतील आणि म्हणतील सगळं दिलं होतं." उघड-उघड खोटं बोलून केलेली फसवणूक असेल तर तो अपवाद लागत नाही, पण मग हे जाणूनबुजून केलं हे आपल्याला सिद्ध करावं लागतं, आणि आपल्याकडे त्या हॉटेलात काय बोलले याचं काही रेकॉर्ड नाही. ॲग्रीमेंटमधे आमच्या सहीखाली 'आम्ही स्वतः चौकशी केली आहे' असं वाक्य पण होतं. मला आता वाटतं ती अपेंडिक्स वाचण्यासाठी नव्हतीच, नंतर दाखवण्यासाठी होती. नोटीस पाठवलीये, उत्तरात त्यांनी पानांचे नंबरच दिलेत.

मागच्या महिन्यात उज्जैनचा एक मुलगा दुकानात आला, त्यालाही हीच फ्रँचायझी घ्यायचीये म्हणून बघायला. त्याच्याकडची पीडीएफ मी घेतली, नवी आहे, ३८ पानांची. सरासरी विक्री आता ५.१ लाख झालीये, १४ महिने तसेच आहेत, 'मार्जिन' तसंच आहे, आणि दहा स्टोअरचं टेबल काढून टाकलंय, त्या जागी फक्त एक बार चार्ट आहे ज्यावर आकडे नाहीत. त्याला आमचा कागद दिला, भाचीच्या अक्षरातला, आणि सांगितलं की ईमेल कर, व्हॉट्सॲप नको, आणि तीनच गोष्टी माग: ५.१ ज्या दुकानांवरून काढलं त्यांची यादी दुकानागणिक विक्रीसकट, मार्जिनमधून भाडं आणि रॉयल्टी वजा आहे का त्याचं लेखी उत्तर, आणि आजवर बंद झालेल्या दुकानांचे मालक कोण होते. तीन आठवडे झाले, त्याला दोनदा फोन आला की ऑफर या महिन्यापुरतीच आहे, यादी आलेली नाही. चेक अजून त्याच्याकडेच आहे.