शब्द बदलावेत की पुस्तक मिटून लिहावं?

पुस्तकातलं म्हणणं प्रबंधात आपल्या शब्दांत मांडायचं आहे आणि मूळ वाक्य समजा असं आहे: ‘सह्याद्री मोसमी वारे अडवतो, त्यामुळे कोकणात भरपूर पाऊस पडतो आणि पूर्वेचं पठार बहुधा कोरडं राहतं.’

समोर ठेवून शब्द बदलले की ‘सह्याद्री पावसाळी वारे रोखतो, म्हणून कोकणात खूप पाऊस होतो…’ होतं. वेळ वाचतो, पण सांगाडा तोच. संदर्भ दिला तरी ही नक्कलच.

चार शब्दांचं टिपण काढून, पुस्तक मिटून लिहिलं तर: ‘पूर्वेचं पठार बहुधा कोरडं राहण्यामागे मोसमी वारे अडवणारा सह्याद्री आहे, त्या वाऱ्यांचा भरपूर पाऊस कोकणाला मिळतो (आडनाव, वर्ष).’ इथे धोका स्मरणाचा. ‘बहुधा’ गळतं, नाहीतर मुळात नसलेलं ‘बाष्प’ घुसतं. म्हणून शेवटी मुळाशी ताडून पाहावंच.

प्रबंधाला दुसरी रीत. व्याख्येचा शब्दन्‌शब्द हवा असेल, तर दोन्ही सोडून अवतरणचिन्हं आणि पानक्रमांक द्या.