रिन्युअलचं कॅप्शन: घाबरवणारं, धीर देणारं की तारखा सांगणारं?

आरोग्य विम्याच्या रिन्युअलची आठवण करून देणारं कॅप्शन लिहायला बसलं की एजंटच्या हातून बहुतेक वेळा तीनपैकी एक मजकूर उतरतो. मी तिन्ही लिहिले आहेत आणि तिन्हींचे परिणाम पाहिले आहेत. यंदा कोणता पाठवायचा हे ज्यांना ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी ते आधी शेजारी शेजारी ठेवतो.

पहिलं: "आज रात्री १२ नंतर तुमचं कुटुंब उघड्यावर! एका दिवसाचा उशीर आणि इतक्या वर्षांचा प्रीमियम पाण्यात. आत्ताच रिन्यू करा!"

दुसरं: "रिन्युअलची तारीख चुकली? अजिबात काळजी नको. ३० दिवसांचा ग्रेस पिरियड आहे. सवडीने भरा, पॉलिसी चालूच राहील."

तिसरं: "प्रीमियम वर्षातून एकदा भरत असाल तर हे वाचा. पॉलिसीवरच्या शेवटच्या तारखेपर्यंत भरलात तर काहीच तुटत नाही. त्यानंतरच्या ३० दिवसांत भरलात तर जुने फायदे टिकतात, पण मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा क्लेम मिळत नाही. ३० दिवसही उलटले तर पॉलिसी लॅप्स होते; मग नवी पॉलिसी, आणि तिचा वेटिंग पिरियड पहिल्यापासून. तारीख उलटून गेली असली तरी फोन करा, दिवस मोजून सांगतो."

तिसरं लांबलचक आहे, हे मान्य. पण यातलं कोणतं खरं बोलतं, हे एका पॉलिसीवर तपासून पाहू.

समजा, एका मधुमेही माणसाने १५ जून २०२४ला पॉलिसी घेतली. मधुमेह प्रस्तावात लिहिला होता. आधीपासून असलेल्या आजारांचा वेटिंग पिरियड ३६ महिने. एप्रिल २०२४पासून आयआरडीएआयने जास्तीत जास्त तेवढाच ठेवता येईल असं ठरवलं आहे. मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक उपचारांचा या पॉलिसीतला वेटिंग पिरियड २४ महिने. दुसरं वर्ष १४ जून २०२६च्या मध्यरात्री संपतं. म्हणजे त्या दिवशी मोतीबिंदूचं वेटिंग नुकतंच पूर्ण होतंय आणि मधुमेहाचे ३६पैकी २४ महिने जमा झालेत.

त्याने १४ जूनपर्यंत पैसे भरले, तर बोलण्यासारखं काही उरत नाही. १५ जूनला मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं तरी वेटिंग आड येत नाही.

आता समजा, त्याने ५ जुलैला भरले. ग्रेसचे ३० दिवस १४ जुलैला संपतात, त्यामुळे तो मुदतीत आहे. त्याचे २४ महिने जमाच राहतात, आणि कंपनीला त्याची प्रकृती नव्याने तपासून रिन्युअल नाकारता येत नाही. पण १५ जून ते ४ जुलै या २० दिवसांत त्याच्याकडे संरक्षण नव्हतं. २८ जूनला डेंग्यूने दवाखान्यात भरती झाला असता, तर ५ जुलैला पैसे भरून ते बिल मागे जाऊन झाकता आलं नसतं. 'ग्रेस' या शब्दाने सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. ती सवलत पॉलिसीचा धागा जोडून ठेवायची आहे, त्या दिवसांतल्या उपचारांचे पैसे द्यायची नाही.

तिसरी शक्यता: १४ जुलैही गेला आणि त्याने १ ऑगस्टला नवी पॉलिसी मागितली. नवा प्रस्ताव, प्रकृतीची नव्याने माहिती, बहुधा तपासण्या. मधुमेह पाहून कंपनी जादा प्रीमियम लावू शकते, नकारही देऊ शकते. पॉलिसी मिळालीच, तर अपघात सोडून इतर आजारांसाठी सुरुवातीचे ३० दिवस पुन्हा, मोतीबिंदूचे २४ महिने पुन्हा, आणि मधुमेहाचे ३६ महिने ३१ जुलै २०२९पर्यंत. जुनी पॉलिसी चालू ठेवली असती तर ते १४ जून २०२७ला संपले असते. दोन वर्षं आणि वर दीड महिना मागे. साचलेला बोनसही गेला.

आणखी एक गोष्ट जाते, जी ग्राहकाला सहसा ठाऊकच नसते. पॉलिसी सलग ६० महिने चालली की त्यानंतर माहिती लपवली किंवा चुकीची दिली म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी हा काळ आठ वर्षांचा होता, २०२४मध्ये पाच झाला. लॅप्स झाली की या ६० महिन्यांची मोजणीही पुन्हा एकपासून.

आता कॅप्शनकडे या.

पहिलं ठेवलं तर तारखेआधी भरणारे थोडे वाढतात, हे मी नाकारत नाही. त्यातली एक बाब खरीही आहे, मध्यरात्रीनंतर संरक्षण थांबतं. पण "एका दिवसाचा उशीर आणि सगळं पाण्यात" हे धडधडीत खोटं आहे, आणि ते नेमकं त्याच माणसाला अडवतं ज्याला मदत हवी असते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी असंच काहीसं लिहिलं होतं. एका ग्राहकाने ते तारीख उलटून सहाव्या दिवशी वाचलं. आपलं सगळं गेलंच आहे असं समजून त्याने मला फोनच केला नाही. पुढे चाळीसेक दिवसांनी दुसरीकडून नवी पॉलिसी घेतली. सहाव्या दिवशी एक फोन झाला असता तर त्याचे जमा महिने जसेच्या तसे राहिले असते. माझ्या कॅप्शनने ते घालवले, आणि हे मला अजून बोचतं. भीतीचा मजकूर तारखेआधीच्या माणसाला पळवतो आणि तारखेनंतरच्या माणसाला खिळवून ठेवतो. आणि वाचवण्यासारखं जे काही असतं ते तारखेनंतरच्याचं असतं.

दुसरं कॅप्शन प्रेमळ वाटतं, म्हणून बरेच जण ते निवडतात. ग्राहकाशी संबंध गोड राहतो, कोणी वैतागत नाही. पण आपल्या उदाहरणातला माणूस ते वाचून २० दिवस निवांत बसला असता आणि २८ जूनला भरती होताना कार्ड पुढे केलं असतं. कॅशलेस नाकारली गेल्यावर तो मला विचारणार, "तुम्हीच तर म्हणाला होतात पॉलिसी चालूच राहील." आणि त्याचं बरोबर असतं. तिन्हींत मी यालाच सगळ्यात वाईट मानतो. घाबरवणाऱ्याकडे माणूस संशयाने पाहतो, धीर देणाऱ्यावर विश्वास टाकतो.

हप्त्याने भरणाऱ्यांसाठी मात्र दुसऱ्या कॅप्शनमधला निम्मा भाग खरा ठरतो, म्हणून घोळ वाढतो. प्रीमियम महिन्याच्या हप्त्याने असेल तर ग्रेस १५ दिवसांचा, तिमाही किंवा सहामाही असेल तर ३० दिवसांचा, आणि पॉलिसीच्या वर्षाच्या मध्यात हप्ता राहिला तर या ग्रेसमध्ये संरक्षणही चालू राहतं. वार्षिकवाल्याला तसं नाही. म्हणून तिसऱ्या कॅप्शनच्या पहिल्याच वाक्यात "वर्षातून एकदा भरत असाल तर" हे शब्द आहेत. जागा वाचवायला ते काढू नका. ते काढले तर तिसरंही अर्धवट होतं.

तिसऱ्याची उणीव सांगतो. ते वाचायला वेळ लागतो आणि स्टेटसवर नजर टाकून पुढे जाणारा ते पूर्ण वाचत नाही. यावर माझा तोडगा असा: चित्रावर फक्त एकच ओळ, "तुमच्या पॉलिसीची शेवटची तारीख पाहिलीत का?" आणि बाकीचा मजकूर खाली कॅप्शनमध्ये. कोणाचंही नाव, आजार किंवा पॉलिसी क्रमांक स्टेटसवर नको, अगदी कौतुकानेसुद्धा. ज्याची तारीख जवळ आली आहे त्याला वेगळा खासगी मेसेज, त्यात त्याच्याच दोन तारखा: संरक्षण थांबण्याची आणि लॅप्स होण्याची. आपल्या ग्राहकासाठी त्या १४ जून आणि १४ जुलै झाल्या असत्या. दोन तारखा दिल्या की विशेषणांची गरजच पडत नाही.

मेसेज कधी पाठवायचा, यातही फरक पडतो. शेवटच्या आठवड्यात पाठवला तर कंपनी बदलायची वाट जवळजवळ बंद झालेली असते. पोर्ट करायचं असेल तर पॉलिसी चालू असतानाच अर्ज करावा लागतो आणि नव्या कंपनीला निर्णयासाठी वेळ द्यावा लागतो. तरच जमा झालेलं वेटिंग सोबत जातं. कंपनीवर नाराज असलेला माणूस रागाने पॉलिसी सोडून देतो आणि महिनाभराने दुसरीकडे जातो, तेव्हा तो पोर्ट करत नसतो, नव्याने सुरू करत असतो. त्यामुळे माझा पहिला खासगी मेसेज दीड-दोन महिने आधी जातो आणि त्यात एक ओळ असते: "याच कंपनीत राहायचं नसेल तर आत्ताच सांगा." यामुळे एखादा ग्राहक माझ्या हातून जातो. जाऊ दे, त्याचे महिने तरी त्याच्याबरोबर जातात.

दुसरा मेसेज दहा दिवस आधी. त्यात ऑटो-पेवाल्यांसाठी एक विचारणा ठेवा. बँकेला दिलेल्या मंजुरीतली कमाल रक्कम यंदाच्या प्रीमियमपेक्षा कमी असेल, किंवा कार्डाची मुदत संपली असेल, तर पैसे कटत नाहीत आणि माणूस कटले असं समजून बसतो. चेक देणाऱ्यालाही तारखेच्या दिवशी नव्हे, आधी द्यायला सांगा; प्रीमियम कंपनीला मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, आणि चेक परत आला तर मधले दिवस उघडेच राहतात.

तिसरा मेसेज तारीख उलटल्यावर दुसऱ्या दिवशी. बहुतेक एजंट इथे थांबतात, कारण आठवण द्यायची वेळ गेली असं त्यांना वाटतं. माझ्याकडे तो असा असतो: "कालपासून संरक्षण थांबलं आहे. १४ जुलैपर्यंत भरलंत तर जुने महिने टिकतील. आज भरलंत तर उघडे दिवस कमीत कमी राहतील. मधे कोणी भरती झालं असेल तर पैसे भरण्याआधी मला सांगा, कंपनीपासून ते लपवायचं नाही." शेवटचं वाक्य मी मुद्दाम ठेवतो. भरती झाल्यावर घाईने प्रीमियम भरून भरतीची तारीख पुढची दाखवायचा सल्ला देणारे भेटतात. दवाखान्याच्या नोंदीत तारीख आणि वेळ दोन्ही असतात, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्या क्लेमसोबत वाचवलेली पॉलिसीही जाऊ शकते.