कंपन्यांच्या ऑर्डरसाठी केलेला कॅटलॉग आणि दरपत्रक: आठ महिने वापरल्यावर

गोरेगाव पूर्वेला आमचा मिठाईचा छोटा गाळा आहे. मी, माझे यजमान आणि चार कामगार. २०२५ च्या जूनमध्ये भाचीच्या मदतीने कंपन्यांसाठी बारा पानांचा कॅटलॉग आणि सोबत एका पानाचं दरपत्रक केलं. त्यावर गणपती आणि दिवाळी असे दोन्ही हंगाम काढले. माझ्यासारख्या कोणाला असा कॅटलॉग करायचा असेल तर आधी दरपत्रकाकडे बघा. फोटो सुंदर आले, पण पैसे दरपत्रकात गेले आणि दरपत्रकातच वाचले.

आमचा सर्वात चालणारा डबा मधला: पाव किलो काजू कतली, पाव किलो बेसन लाडू आणि दोनशे ग्रॅम चिवडा. पहिल्या दरपत्रकात त्याची किंमत होती ‘₹६२५ अधिक जीएसटी’. व्यापारी मंडळी अशीच लिहितात म्हणून मीही तशीच लिहिली. अंधेरीच्या एका कंपनीतल्या अ‍ॅडमिनच्या बाईंनी फोनवर सरळ विचारलं, “ताई, मला डब्यामागे सातशे मंजूर झालेत. त्यात सगळं बसतं का ते सांगा.” तेव्हा लक्षात आलं की भेटवस्तूवर भरलेल्या करामागे कंपनीला इनपुट क्रेडिट मिळतच नाही, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ते अडवलेलं आहे. म्हणजे दुकानदाराला ‘अधिक जीएसटी’ चालतं, कारण तो कर त्याला परत मिळतो. भेट देणाऱ्या कंपनीला मात्र तो खर्चच असतो. तिचा आकडा करासकट असतो, म्हणून आपलाही तसाच हवा.

त्यात आमच्या डब्याची आणखी एक गोम होती. मिठाईवर ५ टक्के, पण पाकीटबंद चिवड्यावर तेव्हा १२ टक्के कर होता. दोन्ही एका डब्यात घालून एकाच किमतीला विकले की अख्ख्या डब्याला जास्तीचा दर लागतो. म्हणून ६२५ वर १२ टक्के, बरोबर ७००. सुदैवाने बाईंच्या मंजुरीत बसलं. जुलैपासून मी ₹७०० मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात मूळ किंमत व कर असं छापलं.

ती बारीक ओळ सप्टेंबरमध्ये कामाला आली. २२ सप्टेंबरपासून चिवड्यावरचा करही ५ टक्क्यांवर आला. एका कंपनीला २६० डब्यांचा भाव मी महिन्याच्या सुरुवातीला दिला होता, सवलत वजा करून मूळ ६०० आणि करासह ६७२. माल आणि बिल दोन्ही ऑक्टोबरचे, त्यामुळे नवा दर लागला आणि डबा ६३० ला पडला. डब्यामागे ४२ रुपये कमी झाले. मूळ किंमत लिहिलेली होती म्हणून वाद झाला नाही, सुधारित कोटेशन त्याच दिवशी गेलं. नुसतं ‘₹६७२ सर्व करांसह’ लिहिलं असतं तर त्यातले ४२ कोणाचे, यावर चार दिवस गेले असते.

आता सवलतीबद्दल, कारण माझी मोठी चूक तिथे झाली. पहिल्या दरपत्रकात किमान १०० डबे, २५० च्या वर १० टक्के आणि ४०० पासून १५ टक्के सूट होती. इतर कॅटलॉग बघून उतरवलेली. गणपतीआधी ४०० डब्यांची ऑर्डर आली आणि आम्ही घरात पेढे वाटले. माल गेल्यावर यजमानांनी वहीत हिशोब मांडला तो असा.

एका डब्यात मालाचे २८०, छापील डब्याचे ७५, पाऊच आणि लेबलचे ७, भरणाऱ्या बायकांची मजुरी २० आणि भाडं-गॅस-विजेचा वाटा ४५. हे झाले ४२७. डबे शंभर असोत की चारशे, यातला एक रुपयाही हलत नाही. हलतात फक्त दोन गोष्टी: कंपनीचं नाव छापलेल्या पट्टीचा छपाईचा बांधलेला खर्च, आम्हाला तो २,४०० पडतो, आणि टेम्पोची एक फेरी २,२०० ची. पट्टीचा कागद डब्यामागे ६ रुपये वेगळा. शंभर डब्यांवर हे सगळं मिळून ५२ येतं, चारशेवर साडेसतरा. म्हणजे मोठ्या ऑर्डरमुळे माझे डब्यामागे साडेचौतीस रुपये वाचले, आणि १५ टक्क्यांनी मी जवळजवळ ९४ देऊन टाकले. चारशे डब्यांवर फरक सुमारे २४,००० चा. तोटा झाला नाही, पण तीन रात्री जागून केलेल्या कामाचा निम्म्याच्या जवळपास नफा गेला.

काजू आणि तूप जास्त घेतलं म्हणून आमच्यासारख्याला स्वस्त मिळत नाही, उलट दिवाळीच्या तोंडावर चढतं. म्हणून आता सवलत टक्क्यांत नाही, रुपयांत: २५० च्या वर ₹२५, ४०० च्या वर ₹३०. परचेसवाले कुरकुरतात. दोघांना मी पट्टी आणि टेम्पोचा हिशोब समजावून सांगितला, त्यातल्या एकाने ऑर्डर दिली.

दरपत्रकाखाली एक ओळ मागाहून घातली: ‘किंमत एका पत्त्यावर, एका फेरीत पोहोच धरून’. ही ओळ नव्हती तेव्हा लोअर परळच्या ऑर्डरमध्ये आगाऊ रक्कम आल्यावर कर्मचाऱ्यांच्या घरच्या पत्त्यांची यादी आली होती, विरारपासून पनवेलपर्यंत. तो खर्च आम्ही सोसला. दुसरी ओळ, ‘भाव १५ दिवसांसाठी’, काजूसाठी आहे.

मिठाईच्या निवडीत एक बदल केला. कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर मलई पेढे होते, फोटोत तेच सर्वात देखणे. पण २०२५ मध्ये धनत्रयोदशी शनिवारी होती, त्यामुळे कंपन्यांना डबे बुधवार-गुरुवारपर्यंत हवे होते. वाटप शुक्रवारी, आणि घरी डबा उघडतो तो बऱ्याचदा मंगळवारी, लक्ष्मीपूजनाला. खव्याचा पेढा आम्ही चार दिवसांपुढे धरत नाही. म्हणून दिवाळीच्या पानांवरून खवा काढला आणि बेसन लाडू पुढे आणला. चिवडाही आधी नुसत्या कागदी खणात होता, कतलीच्या ओलाव्याने दोन दिवसांत मऊ पडायचा. चमचाभर चिवडा चावून आवाज आला नाही की समजायचं. आता तो सीलबंद पाऊचमध्ये असतो.

पैशांचं सांगते. निम्मी रक्कम आगाऊ घेतो, उरलेल्यासाठी एका कंपनीने ‘साठ दिवस’ लिहिलेली पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ, पाठवली. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यायचे असतात, करार नसेल तर १५. मुदत चुकली तर आयकराच्या तेव्हाच्या कायद्यातल्या कलम ४३बी(एच) मुळे तो खर्च कंपनीला पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. फक्त आपण माल स्वतः बनवत असायला हवं, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला हे लागू नाही. मी लघुउद्योग नोंदणीचा उद्यम क्रमांक कोटेशनवर आणि बिलावर छापला आणि पीओ बदलून मागितली. ४५ दिवसांची आली, पैसे चाळिसाव्या दिवशी जमा झाले.

पुढच्या आवृत्तीत बारा पानांची सहा करते आहे. सगळ्या ऑर्डर तीन डब्यांवर आल्या, बाकीच्या पानांवरचं कोणीच मागितलं नाही. दरपत्रक मात्र एका पानाचं दोन पानांचं होईल: घरपोच पत्त्यांचा दर वेगळ्या रकान्यात येतोय.