पी/एस ८ आणि पी/एस २: तोट्यातल्या दोन कंपन्यांपैकी स्वस्त कोणती?

दोन नव्या कंपन्या समोर आहेत, दोन्ही तोट्यात, आणि पैसे एकीतच घालायचे आहेत. नफाच नसल्यामुळे पी/ई काढून उपयोग नाही, कारण शेअरच्या भावाला तोट्याने भागून येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो. मग आपण पी/एसकडे वळतो, म्हणजे कंपनीचं बाजारमूल्य भागिले वर्षाची विक्री. पहिल्या कंपनीचा पी/एस ८ येतो, दुसरीचा २. पाहताक्षणी वाटतं की दुसरी चौपट स्वस्त आहे. तसं ते आहे का, हे आकडे मांडूनच बघू.

हे गुणोत्तर केनेथ फिशर या अमेरिकी गुंतवणूकदाराने १९८४ मध्ये लोकप्रिय केलं. त्याचा मूळ वापर मात्र वेगळ्या कंपन्यांसाठी होता. एखाद्या चांगल्या, चालत्या कंपनीचा नफा एका चुकीमुळे किंवा वाईट वर्षामुळे नाहीसा होतो, भाव कोसळतो, पण विक्री टिकून असते. अशा वेळी विक्रीवरून किंमत जोखायची आणि नफा परतेल अशी वाट पाहायची. तिथे आधार असा होता की ती कंपनी चांगल्या दिवसांत शंभराच्या विक्रीवर किती कमावत होती, हे आधीच्या नफा-तोटा पत्रकांत लिहिलेलं असे. नव्या कंपनीला तो इतिहासच नसतो. म्हणून तिच्या पी/एसमध्ये एक अंदाज लपलेला असतो, आणि माझ्या मते सगळा निर्णय त्या अंदाजावर उभा असतो.

तो अंदाज कुठे लपतो, हे एका साध्या समीकरणातून दिसतं:

```
पी/एस = पी/ई × निव्वळ मार्जिन
```

पी/एस ४ आहे आणि कंपनी पुढे विक्रीच्या २० टक्के नफा कमावणार असेल, तर आजच्या विक्रीच्या हिशेबाने तुम्ही २० च्या पी/ईला शेअर घेताय. तोच पी/एस ४, पण मार्जिन ४ टक्क्यांवरच थांबणार असेल, तर तुम्ही १०० चा पी/ई मोजताय. आकडा एकच, पण दोन व्यवहारांत पाचपट अंतर. पी/एस हा शब्द उच्चारला की मनात लगेच ‘कोणत्या मार्जिनला?’ हा प्रश्न यायला हवा.

आता त्या दोन कंपन्या. पहिलीला ‘क’ म्हणू. ती व्यवसायांना वर्गणीवर सॉफ्टवेअर देते. दुसरी ‘ख’ स्वतः माल विकत घेऊन तो ऑनलाइन विकते. दोन्ही काल्पनिक आहेत, पण आकडे त्या त्या धंद्यात शोभतील असे घेतले आहेत. सगळे आकडे कोटींत, चलन कोणतंही धरा.

| | क | ख |
|---|---|---|
| बाजारमूल्य | १,६०० | २,००० |
| वर्षाची विक्री | २०० | १,००० |
| पी/एस | ८ | २ |
| ढोबळ नफा | १५० | १५० |
| वर्षाचा तोटा | ६० | ८० |
| हातातली रोकड | ३०० | १०० |
| कर्ज | ० | ५०० |

चौथी ओळ बघा. विक्रीतून मालाचा किंवा सेवा पुरवण्याचा थेट खर्च वजा केला की उरतो तो ढोबळ नफा. क विक्रीच्या ७५ टक्के ठेवते, ख फक्त १५ टक्के. पाचपट विक्री करूनही ख च्या हाती तेवढेच १५० उरतात. पगार, जाहिरात, संशोधन, भाडं हे सगळं याच रकमेतून भागवायचं आणि पुढे कधी नफा झाला तर तोही यातूनच यायचा. म्हणून बाजारमूल्याला विक्रीऐवजी ढोबळ नफ्याने भागून पाहावं. क साठी उत्तर येतं सुमारे १०.७, ख साठी १३.३. चौपट स्वस्त वाटणारी कंपनी इथेच महाग ठरते.

पण बाजारमूल्य म्हणजे फक्त शेअरधारकांच्या वाट्याची किंमत. ख च्या विक्रीमागे ५०० चं कर्जही राबतंय, आणि पी/एस ते बघतच नाही. पूर्ण धंद्याची किंमत काढायची तर बाजारमूल्यात कर्ज मिळवायचं आणि रोकड वजा करायची. याला उद्योगमूल्य किंवा ईव्ही म्हणतात. क ची ईव्ही १,३०० होते, ख ची २,४००. ढोबळ नफ्याशी ताडलं तर क ८.७ पट, ख १६ पट. ज्या कंपन्यांवर कर्ज जवळपास नाही आणि रोकडही फार नाही, त्यांच्या तुलनेत साधा पी/एस चालतो. एकीवर कर्ज आणि दुसरीकडे रोकडीचा साठा असेल, तर पी/एस बाजूला ठेवून ईव्हीवरूनच बोलावं.

पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि बहुतेक लोक तीच गाळतात. तो लपलेला अंदाज कागदावर उघड मांडायचा. पाच वर्षांनी दोघींची विक्री चौपट होईल असं धरू. म्हणजे दरवर्षी सुमारे ३२ टक्के वाढ, जी सोपी नाही, पण दोघींना सारखीच सूट देऊ. क ची विक्री ८०० आणि मार्जिन २० टक्के, नफा १६०. ख ची विक्री ४,००० आणि मार्जिन ४ टक्के, नफा तोही १६०. तेव्हा बाजार २० चा पी/ई देईल असं धरलं, तर दोघींचं बाजारमूल्य ३,२००.

मग आजच्या १,६०० चे ३,२००, म्हणजे क मध्ये पैसे दुप्पट? नाही, कारण तेव्हा शेअरची संख्या आजच्याएवढी नसेल. तोट्यातली कंपनी नवे शेअर काढते, कधी रोकड उभी करायला, कधी कर्मचाऱ्यांना द्यायला. क कर्मचाऱ्यांना दरवर्षी ३ टक्के नवे शेअर देते असं धरलं, तर पाच वर्षांत शेअर सुमारे १६ टक्क्यांनी वाढतील. तिची रोकड आजच्या वेगाने पाच वर्षं पुरते, म्हणून आणखी भांडवल धरलं नाही. ख ची रोकड जेमतेम पंधरा महिन्यांची आहे आणि डोक्यावर कर्ज आहे. तिला भांडवल उभारावंच लागेल. त्यात आणि कर्मचाऱ्यांच्या शेअरांत मिळून २५ टक्के वाढ धरू. आता प्रत्येक शेअरमागे क मध्ये वर्षाला सुमारे ११.५ टक्के परतावा निघतो, ख मध्ये सुमारे ५ टक्के.

यातला प्रत्येक आकडा चुकू शकतो, म्हणून कोणत्या चुकीने निकाल फिरतो ते तपासावं. क चं मार्जिन २० ऐवजी १० टक्क्यांवर अडकलं, तर पाच वर्षांनी तिचं बाजारमूल्य आजच्याइतकंच, १,६००, राहील आणि वाढलेल्या शेअरांमुळे प्रत्येक शेअर तोट्यात जाईल. ख ने ४ ऐवजी ६ टक्के गाठले, तर तिचा परतावा सुमारे १४ टक्क्यांवर जाऊन ती क ला मागे टाकेल. १५ टक्के ढोबळ नफ्यातून ६ टक्के वाचवणं मात्र अवघड आहे, कारण मग गोदाम, पोहोचवणी, जाहिरात आणि व्याज हे सगळं ९ टक्क्यांत बसवावं लागतं. म्हणजे प्रश्न ‘८ की २’ असा उरत नाही. एकीच्या २० टक्क्यांवर विश्वास बसतो का आणि दुसरीच्या ६ टक्क्यांवर बसतो का, एवढाच तो उरतो. तेच काम करणाऱ्या, नफ्यात आलेल्या जुन्या कंपन्या विक्रीच्या किती टक्के वाचवतात, हे त्यांच्या वार्षिक अहवालात सापडतं. अंदाज तिथून घ्यावा, कंपनीच्या सादरीकरणातून नव्हे.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट पाहायचीच: ‘विक्री’ म्हणून कंपनी काय मोजते? ग्रुपॉन या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये शेअरबाजारात येण्याच्या तयारीत २०१० ची विक्री सुमारे ७१.३ कोटी डॉलर दाखवली होती. त्यात ग्राहकांनी कूपनांसाठी दिलेली पूर्ण रक्कम धरली होती, जिचा मोठा भाग पुढे दुकानदारांना जायचा. नंतर कंपनीने फक्त स्वतःचा वाटा धरून तोच आकडा सुमारे ३१.३ कोटींवर आणला. धंदा तोच राहिला, पण त्याच बाजारमूल्याला पी/एस दुपटीहून जास्त झाला असता. म्हणून मध्यस्थाचं काम करणाऱ्या कंपनीची तुलना माल स्वतः विकणाऱ्या कंपनीशी करताना लेखा टिपांमधलं महसूल मोजण्याचं धोरण आधी वाचावं. माल ग्राहकाकडे जाण्याआधी त्यावर कंपनीचा ताबा असतो का, यावर तिथला निर्णय ठरतो.

विक्री फुगवली जातेय का, याची एक खूण ताळेबंदात सापडते. विक्री ३० टक्क्यांनी वाढली आणि ग्राहकांकडून येणं ८० टक्क्यांनी, तर माल वितरकांच्या गळ्यात मारला जात असावा किंवा पैसे यायला उशीर होत असावा. वर्गणीच्या धंद्यात उलट बाजू बघावी: आगाऊ मिळालेल्या वर्गणीची रक्कम विक्रीच्या मागे पडू लागली, तर पुढच्या विक्रीची गती आधीच मंदावलेली असते. शिवाय एका चांगल्या तिमाहीला चाराने गुणून केलेली ‘वार्षिक’ विक्री आणि दुसऱ्या कंपनीची मागच्या बारा महिन्यांची विक्री शेजारी ठेवू नका. दोघींचे बारा महिनेच घ्या.

काही ठिकाणी पी/एस मुळातच गैरलागू आहे. औषध अजून चाचणीत असलेल्या कंपनीला विक्रीच नसते. कर्ज देणाऱ्या कंपनीची विक्री म्हणजे व्याज. ती वाढवायला सैल हाताने कर्जं वाटली की पुरतं, आणि बुडीत कर्ज नंतर दिसतं. तिथे नक्त मालमत्तेशी भावाची तुलना करणंच बरं.

वरच्या आकड्यांवर मला निवड करायची असती, तर मी क घेतली असती, पण जुने ग्राहक टिकतात हे पाहून. मागच्या वर्षी शंभर देणारे ग्राहक यंदा, सोडून गेलेले धरूनही, शंभर किंवा जास्त देत असतील तर २० टक्के मार्जिन मला शक्य कोटीतलं वाटतं. तेच ग्राहक ८० वर आले असतील, तर दरवर्षी गळालेली जागा भरायलाच जाहिरातीचा खर्च होतो, मार्जिन १० टक्क्यांच्या आसपास अडकतं, आणि मग या भावाला दोन्ही कंपन्या सोडून दिलेल्या बऱ्या.