फोटोशॉपमध्ये सैल कुर्ता आत घेताना: फ्रीझ मास्क की वेगळा लेअर?

परवाचा फोटो: नवरदेव वाड्याच्या खिडकीसमोर, कुर्ता कमरेला फुगलेला, मागे गजांच्या उभ्या रेघा.

आधी लिक्विफायमध्ये Freeze Mask ने गज रंगवले, म्हणजे ते जागचे हलू नयेत. मास्क कुर्त्याच्या कडेला चिकटवला तर कड आत सरकतच नाही, कापड मात्र ताणलं जातं. कारण रिकाम्या जागेत यायला मागचे पिक्सेल मोकळे नसतात. थोडी फट सोडली, तर त्या फटीतला गज कमरेकडे वाकतो. साधी भिंत असेल किंवा रेघ कुर्त्यापासून लांब असेल, तर हा मार्ग पुरेसा आहे, झटपटही होतो.

गज कडेलाच भिडलेला असेल तर मी वेगळा लेअरच घेते. नवरदेवाला सिलेक्ट करून Ctrl+J. खालच्या लेअरवर कुर्ता जिथून मागे हटणार तेवढीच पट्टी क्लोन स्टॅम्पने भरायची. Shift धरून वरून खाली ओढलं की उभा गज सरळ राहतो. मग वरचा लेअर स्मार्ट ऑब्जेक्ट करून लिक्विफाय, मोठा ब्रश, कमी प्रेशर. बाहीची कड आणि बटणपट्टी तेवढी जपा: पट्टी वाकली की खोटेपणा लगेच दिसतो.